टॉवर ऑफ हनोई: काउंट बरोबर आला म्हणजे कोड बरोबर आला असं नाही

राजारामपुरीत पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवतो, आणि रिकर्शन सुरू झालं की दरवर्षी त्याच चुका नव्या वहीत दिसतात. त्यातल्या दोन मला फार छळतात, म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहितोय.

कोडं असं: तीन खांब, एका खांबावर मोठी खाली छोटी वर अशा रचलेल्या चकत्या, त्या सगळ्या दुसऱ्या खांबावर न्यायच्या, पण एका चालीत एकच वरची चकती हलवायची आणि छोटीवर मोठी कधी ठेवायची नाही. आधी बरोबर कोड बघा, `src` वरच्या `n` चकत्या `dst` वर न्यायच्या, `mid` मदतीला, आणि एकूण किती चाली लागल्या तो काउंट परत द्यायचा:

```python
def hanoi(n, src, mid, dst):
    if n == 0:
        return 0
    x = hanoi(n-1, src, dst, mid)
    print(n, src, dst)
    y = hanoi(n-1, mid, src, dst)
    return x + 1 + y
```

पहिली चूक, दुसऱ्या कॉलमध्ये खांबांचा क्रम चुकवणे. प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली, "सर, ३ ला ७ आले, ५ ला ३१ आले, झालं सगळं." मी कोड बघितला तर तिनं दुसरा कॉलपण `src` पासूनच सुरू केला होता, `hanoi(n-1, src, mid, dst)`. मी काही बोललो नाही, टेबलावर खडूनं A, B, C असे तीन गोल काढले, माझ्या डब्याची दोन झाकणं A वर ठेवली, मोठं खाली छोटं वर, आणि म्हटलं `n` ला २ दे आणि जे छापून येईल तसंच कर.

```
1 A B
2 A C
1 A C
```

छोटं B वर गेलं, मोठं C वर गेलं, आणि तिसऱ्या ओळीला तिचा हात A वर जाऊन थांबला, कारण A रिकामा होता आणि छोटं झाकण B वर बसलेलं. "सर, पण काउंट तर ३ च आलाय!" अगं, येणारच. काउंटमध्ये खांबांची नावं कुठेच येत नाहीत, दोन कॉल आणि मध्ये एक चाल एवढंच मोजलं जातं, त्यामुळे खांब कसेही उलटेपालटे लिहिले तरी आकडा तोच राहतो. म्हणून ७ आला की वही मिटणाऱ्यांना मी मार्क देत नाही.

माझी सवय सांगतो. पहिल्या कॉलनं चकत्या जिथे नेऊन ठेवल्या, म्हणजे `mid`, तिथूनच दुसऱ्या कॉलनं उचलायच्या, हे मी लिहिताना तोंडानं बोलतो. आणि खात्रीच करायची तर तीन लिस्ट ठेवा आणि प्रत्येक चालीआधी बघा, `src` वर सगळ्यात वरची चकती खरंच `n` आहे का आणि जिथे ठेवायची तो खांब रिकामा आहे किंवा तिथली वरची चकती तिच्यापेक्षा मोठी आहे का.

दुसरी चूक मोजण्यातली. ३ चकत्यांना १५ उत्तर आलं की समजा एकतर `n == 0` ला `return 1` लिहिलंय, नाहीतर काउंटर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत वाढवलाय. ३ साठी फंक्शन एकूण १५ वेळा कॉल होतं, पण त्यातले ८ कॉल शून्य चकत्यांचे, तिथे काही हलतच नाही, खऱ्या चाली उरल्या ७. ओळखायला सोपं आहे, `n` ला १ द्या. एक चकती न्यायला ३ चाली लागल्या तर गडबड आहे.

आता `2**n - 1` हे सूत्र पाठ करून येणाऱ्यांसाठी. सगळ्यात मोठी चकती हलवायची तर तिच्यावरच्या सगळ्या बाजूला पाहिजेत आणि जिथे न्यायची तो खांब रिकामा पाहिजे, म्हणजे उरलेल्या `n-1` चकत्या तिसऱ्या खांबावरच असायला लागतात, दुसरी वाटच नाही. म्हणून एकदा त्या तिकडे, मग मोठीची एक चाल, मग परत त्या मोठीवर, म्हणजे आधीच्या आकड्याची दुप्पट अधिक एक: १, ३, ७, १५. प्रत्येकात एक मिळवा, २, ४, ८, १६, दुप्पट दिसतेच की नाही? आणि मला त्याहून आवडतं ते चकतीवार मोजणं. ३ मध्ये मोठी एकदाच हलते, मधली दोनदा, छोटी चारदा, १ + २ + ४ = ७. मोठीच्या एका चालीआधी आणि नंतर मधलीला एकेकदा हलावं लागतं, आणि मधलीच्या प्रत्येक चालीआधी-नंतर छोटीला. वहीत हे एकदा हातानं लिहा, सूत्र विसरायची भीतीच राहत नाही.

बाकी किरकोळ. `x` आणि `y` रिटर्न न करता फक्त फंक्शन कॉल करून सोडून देऊ नका. छापणं चालू ठेवून `n` ला २० देऊ नका, १०,४८,५७५ ओळी येतील. आणि फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी १८८३ मध्ये हे कोडं आणलं, त्यासोबतच्या गोष्टीत ६४ चकत्या आहेत म्हणून बरेच जण ६४ टाकून बघतात आणि प्रोग्रॅम थांबत नाही तेव्हा रिकर्शन फार खोल गेलं म्हणतात. खोली फक्त ६५ कॉलची आहे, मेमरीला काही होत नाही, संपतो तो वेळ, सेकंदाला एक चाल धरली तर साधारण ५८ हजार कोटी वर्षं. ६४ चा नुसता आकडाच पाहिजे असेल तर `print(2**64 - 1)` करा, लगेच येतो.