दुबार पाणीबिलांची दिलगिरी-सूचना: बिलिंगच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

एका नळजोडणीला दोन बिले गेली की वरून पहिला आदेश येतो: "चार ओळींची सूचना काढा, दुसरे बिल रद्द करा." हा आदेश जसाच्या तसा अमलात आणू नका. त्या बिलावर भरलेले पैसे खऱ्या खात्यात न वळवताच बिल रद्द केले आणि सूचना काढली, की पुढच्या तीन महिन्यांची भांडणे काउंटरवर येतात.

चूक होते कशी ते आधी पाहू, कारण सूचनेत तेच सांगायचे असते. ग्राहक क्रमांक सहा आकडी, समजा ००४२१७. एका प्रभागाची रीडिंगची फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडतो, एखादे रीडिंग दुरुस्त करतो आणि सेव्ह करतो. एक्सेल त्या क्रमांकाला संख्या समजते आणि पुढची शून्ये गाळते. उरते ४२१७. अपलोड करताना "खाते न सापडल्यास नवे तयार करा" या पर्यायावर खूण असेल, तर सॉफ्टवेअर निमूटपणे ४२१७ नावाचा नवा ग्राहक जन्माला घालते. थोड्या वेळाने ००४२१७ चे रीडिंग रिकामे दिसते, म्हणून मूळ फाइल पुन्हा चढवली जाते. आता घर एक, मीटर एक, खाती दोन आणि बिलेही दोन. छपाईआधी चालू जोडण्या आणि तयार झालेली बिले यांची संख्या ताडून पाहिली असती तर हे दोन मिनिटांत कळले असते. बिले जोडण्यांपेक्षा जास्त दिसली की छपाई थांबवायची.

फाइल पुन्हा घडवायची असेल तर एक्सेलमध्ये दुहेरी क्लिक करून उघडू नका. 'डेटा' मेनूतून आत घ्या आणि क्रमांकाचा स्तंभ 'टेक्स्ट' ठेवा. शून्ये आधीच गेली असतील तर शेजारच्या स्तंभात हे लिहा:

```
=TEXT(A2,"000000")
```

आता खरी खोच. दोन्ही बिले सारखी नसतात. समजा ००४२१७ चे मागील रीडिंग ३१२, चालू ३३०, म्हणजे १८ युनिट. युनिटला १५ रुपये धरले तर चालू आकार २७०. जुनी थकबाकी ६४०. खऱ्या बिलाची रक्कम ९१० रुपये. चुकीच्या खात्याला मात्र इतिहासच नाही, थकबाकी शून्य, त्यामुळे ते बिल २७० चे निघते. ग्राहकाच्या हातात एक ९१० चे आणि एक २७० चे बिल आहे. तो कोणते भरेल? २७० चे. आणि त्याने काही लबाडी केलेली नाही, आपणच त्याला ते बिल दिले आहे.

कोकणात यात आणखी एक गाठ पडते. घर वाडीत, मालक मुंबईत. कागदी बिल घरात राहणाऱ्या काकूंच्या हातात जाते आणि त्या काउंटरवर रोख भरतात. एसएमएस चाकरमान्याच्या मोबाइलवर जातो आणि तो तिथूनच यूपीआयने भरतो. दोघांनाही दुसऱ्याने भरल्याचे गणपतीत भेट होईपर्यंत कळत नाही. म्हणून दुबार यादीतले ग्राहक चार प्रकारचे असतात: काहीच न भरलेले, खरे बिल भरलेले, चुकीचे भरलेले आणि दोन्ही भरलेले. "दुसरे बिल दुर्लक्षित करावे" ही ओळ पहिल्या दोघांसाठी ठीक आहे. उरलेल्या दोघांचे पैसे कुठे गेले, याबद्दल ती एक शब्द बोलत नाही, आणि काउंटरवर तावातावाने येतात ते हेच दोघे.

घाबरू नका, पैसे हरवत नाहीत. फक्त क्रम पाळा. आधी ४२१७ वरच्या सगळ्या पावत्या ००४२१७ वर वर्ग करा, मूळ पावती क्रमांक आणि मूळ तारीख कायम ठेवून. मग ४२१७ चे बिल रद्द करा, खाते बंद करा. उलट केले तर पावती कोणत्याच बिलाला न जोडता लोंबकळत राहते आणि भरलेला ग्राहक थकबाकीदार दिसतो. पावती खोडून आजच्या तारखेने नवी करण्याचा जवळचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. भरणा उशिरा झाल्याचे दिसून विलंब आकार लागतो, आणि त्या दिवशीची रोजकीर्द बँकेच्या जमेशी जुळत नाही. या बाबतीत सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा वर्षानुवर्षे रोजकीर्द लिहिलेल्या कारकुनाला विचारावे, असे आमचे ठाम मत आहे.

एवढे झाल्यावरच सूचना लिहायला घ्या. ती साधारण अशी असावी:

"जून-जुलैच्या पाणीपट्टीची काही ग्राहकांना दोन बिले गेली आहेत. रीडिंगच्या नोंदी संगणकात भरताना ग्राहक क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळाल्याने ही चूक आमच्याकडून झाली. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सहा आकडी ग्राहक क्रमांक असलेले बिल खरे आहे. कमी आकडी क्रमांकाचे बिल रद्द केले आहे. रद्द बिलावर भरलेली रक्कम आपल्या मूळ खात्यात त्याच तारखेने जमा केली आहे. खऱ्या बिलातून ती वजा करून उरलेलीच रक्कम भरावी. दोन्ही बिले भरली असल्यास जादा रक्कम पुढील बिलात वळती होईल. परत हवी असल्यास दोन्ही पावत्यांसह अर्ज करावा. भरण्याची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली आहे. तोपर्यंत या बिलावर विलंब आकार लागणार नाही. आपले मीटर व रीडिंग यांत कोणतीही चूक नाही."

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर लोक मीटर तपासणीचे अर्ज घेऊन येतात. "तांत्रिक अडचणीमुळे" हा शब्दही नको. त्यातून कुणालाच काही कळत नाही आणि लपवाछपवीचा वास येतो. वरच्या उदाहरणातल्या २७० भरलेल्या ग्राहकाला ६४० भरायचे आहेत. दोन्ही भरलेल्याने ११८० दिले, त्याचे २७० जादा आहेत. या दोन्ही प्रकारच्या ग्राहकांना आकड्यासह वेगळे पत्र द्या. सर्वांसाठीच्या फलकावर नावे आणि थकबाकी लावू नका.

एसएमएसची तयारी सर्वांत आधी सुरू करा, कारण नवा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी-यंत्रणेवर, मंजूर झाल्याशिवाय जातच नाही. देवनागरी एसएमएस एका संदेशात ७० चिन्हांचा, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'दिलगिरी' चार अक्षरी दिसते, मोजणीत सात होते. म्हणून एसएमएसमध्ये खरा ग्राहक क्रमांक आणि भरायची रक्कम एवढेच द्या. लिंक देऊ नका. बिलाच्या नावाने येणाऱ्या फसव्या लिंकना लोक घाबरलेले आहेत आणि त्यांचे बरोबरच आहे.

एक गोष्ट हमखास राहून जाते. ज्याने ॲपवरून ४२१७ टाकून बिल भरले, त्याच्या ॲपमध्ये तोच क्रमांक जपून ठेवलेला असतो. पुढच्या वेळी तिथे बिल सापडणार नाही आणि तो समजेल की आपले बाकी काही नाही. त्याच्या पत्रात एक ओळ वाढवा: "ॲपमधील जुना क्रमांक काढून ००४२१७ हा सहा आकडी क्रमांक, शून्यांसह, नव्याने नोंदवावा." पुढच्या बिलाच्या वेळी या यादीतल्या किती जणांचा भरणा आला ते पाहा, आणि ज्यांचा आला नाही त्यांना विलंब आकार लावण्याआधी फोन करा.