गुणांक बदलता असेल तेव्हा एक्स्चेंजरचे क्षेत्रफळ खंडाखंडाने कसे काढावे

हीट एक्स्चेंजरचे क्षेत्रफळ A = Q / (U × ΔT) या सूत्राने काढताना एकूण उष्णता संक्रमण गुणांक U संपूर्ण लांबीभर सारखाच आहे, असे आपण न बोलता मानलेले असते. पाण्याने पाणी थंड करताना हे गृहीत बहुधा चालून जाते. पण घट्ट तेल थंड करताना ते चालत नाही, कारण तेल जसजसे थंड होते तसतशी त्याची श्यानता झपाट्याने वाढते, प्रवाहातील खळबळ कमी होते आणि U कोसळतो. अशा वेळी एक्स्चेंजरचे खंड पाडून प्रत्येकाचे क्षेत्रफळ वेगळे काढावे आणि मग बेरीज करावी.

उदाहरणासाठी दुहेरी नळीचा, विरुद्ध प्रवाहाचा एक्स्चेंजर घेऊ. सेकंदाला १ किलो तेल १२० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांवर आणायचे आहे आणि तेलाची विशिष्ट उष्णता २.१ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश आहे, म्हणजे काढायची उष्णता १२६ किलोवॅट झाली. थंड करणारे पाणी सेकंदाला २ किलो असून ते ३० अंशांवर आत येते आणि ४५ अंशांवर बाहेर पडते.

पहिली पायरी खंड पाडण्याची आहे, आणि ते समान लांबीचे न पाडता समान उष्णतेचे पाडावेत. लांबी तर आपल्याला अजून माहीतच नाही. उष्णता मात्र माहीत आहे, आणि ती ठरवली की खंडाच्या दोन्ही टोकांची तापमाने उष्णतेच्या ताळेबंदातून थेट मिळतात. येथे ४२ किलोवॅटचे तीन खंड करू. प्रत्येक खंडात तेल २० अंशांनी उतरते आणि पाणी ५ अंशांनी चढते. विरुद्ध प्रवाहात १२० अंशांच्या तेलासमोर ४५ अंशांचे पाणी येते, १०० समोर ४०, ८० समोर ३५ आणि ६० समोर ३०. त्यामुळे तापमानातील फरक अनुक्रमे ७५, ६०, ४५ आणि ३० अंश होतात. पाण्याची तापमाने उलट्या क्रमाने मांडली गेली, तर पुढची सगळी आकडेमोड नीटनेटकी दिसूनही चुकते, म्हणून हा तक्ता एकदा तपासून घ्यावा.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक खंडाच्या मध्यावरील तापमानाला तेलाचे गुणधर्म घेऊन तेथील U काढणे. समजा ११० अंशांना ३००, ९० ला २०० आणि ७० ला १२० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश असा U मिळाला. तेलाची श्यानता नळीच्या भिंतीपाशी आणखी जास्त असते, कारण भिंत पाण्याच्या बाजूने थंड झालेली असते. U काढताना ही दुरुस्ती विसरू नये.

आता प्रत्येक खंडाचा लॉग मीन तापमानफरक घ्यावा: ६७.२, ५२.१ आणि ३७.० अंश. ४२,००० वॅटला त्या त्या खंडाच्या U ने आणि या फरकाने भागले की क्षेत्रफळे २.०८, ४.०३ आणि ९.४६ चौरस मीटर येतात. बेरीज सुमारे १५.६.

उष्णता तिन्ही खंडांत सारखीच आहे, तरी शेवटच्या थंड खंडाने एकूण क्षेत्रफळाचा साठ टक्के भाग घेतला, कारण तेथे U आणि तापमानफरक दोन्ही एकाच वेळी कमी होतात. हेच गणित मधल्या २०० या एकाच U ने आणि पूर्ण एक्स्चेंजरच्या ४९.१ अंशांच्या फरकाने केले असते, तर १२.८ चौरस मीटर आले असते, आणि तेल ६० अंशांपर्यंत उतरलेच नसते.

तीन खंड पुरेसे आहेत का, हे पाहायचे तर सर्वांत मोठा खंडच पुन्हा दुभागावा. ८० ते ७० आणि ७० ते ६० असे दोन भाग केले आणि त्यांच्या मध्यावर U १३८ आणि १०३ आला, तर क्षेत्रफळे ३.७० आणि ६.०७ होतात, म्हणजे ९.४६ ऐवजी ९.७७. एकूण क्षेत्रफळात फरक दोन टक्क्यांच्या आसपास पडला. U चा अंदाजच सहसा इतका अचूक नसतो, त्यामुळे येथे थांबणे मला योग्य वाटते. हा फरक मोठा आला असता, तर आणखी खंड पाडावे लागले असते.

खंडाची सीमा जिथे प्रवाहाचे स्वरूपच बदलते तिथे मुद्दाम ठेवावी: वाफेचे द्रवीभवन सुरू होते किंवा संपते, अथवा शांत थरांचा प्रवाह खळबळीचा होतो, अशा जागी U उडी मारतो आणि खंडाच्या मध्यावरचा एक आकडा दोन्ही बाजूंचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. ही सरळ बेरीज मात्र शुद्ध विरुद्ध किंवा समांतर प्रवाहालाच लागू पडते. अनेक फेऱ्यांच्या शेल-ट्यूब एक्स्चेंजरमध्ये एकाच जागी वेगवेगळ्या फेऱ्यांतील वेगवेगळ्या तापमानांचा द्रव शेलमधील द्रवासमोर असतो, म्हणून तेथे प्रत्येक फेरीचा उष्णतेचा ताळेबंद खंडागणिक स्वतंत्र मांडून सगळे एकत्र सोडवावे लागतात.