डीसीएफ मूल्यांकन: टर्मिनल व्हॅल्यू काढताना या चुका टाळा

कर्ज नसलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचा मुक्त रोख प्रवाह पहिल्या वर्षी 100 कोटी रुपये असून तो पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढतो. त्यानंतरची कायमची वाढ 5 टक्के आणि डिस्काउंट रेट 12 टक्के धरला आहे. पहिल्या पाच वर्षांचे वर्तमान मूल्य सुमारे 431 कोटी येते. पुढच्या सर्व वर्षांच्या मूल्याला टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे TV, म्हणतात. FCF6 हा सहाव्या वर्षीचा मुक्त रोख प्रवाह, r हा डिस्काउंट रेट आणि g ही कायमची वाढ धरल्यास सूत्र असे आहे:

```
TV = FCF6 / (r - g)
```

सहाव्या वर्षीचा रोख प्रवाह सुमारे 154 कोटी. त्याला 7 टक्क्यांनी भागल्यास 2,200 कोटी मिळतात आणि त्यांचे आजचे मूल्य सुमारे 1,250 कोटी होते. म्हणजे एकूण 1,680 कोटींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मूल्य सहाव्या वर्षापासून पुढचे आहे. हे प्रमाण म्हणजे चूक नव्हे, कारण चालत्या कंपनीचे बहुतेक उत्पन्न पाच वर्षांनंतरच यायचे असते.

पहिली चूक म्हणजे डिस्काउंट रेट एखाद्या टक्क्याने इकडेतिकडे झाला तरी चालेल असे मानणे. दर 11 टक्के केला, तर छेदातील अंतर 7 वरून 6 वर येते आणि एकूण मूल्य सुमारे 1,965 कोटी, म्हणजे 17 टक्के जास्त होते. पहिल्या पाच वर्षांच्या आकड्यात मात्र जेमतेम 12 कोटींची भर पडते. म्हणून एकच उत्तर न देता दर आणि वाढ यांच्या वेगवेगळ्या जोड्यांचा तक्ता मांडावा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही: वाढ 5 वरून 6 टक्के करायची, पण त्या वाढीसाठी लागणारे भांडवल वजा करायचे नाही. समजा सहाव्या वर्षीचा करोत्तर परिचालन नफा 264 कोटी आहे आणि नव्या भांडवलावरील परतावा 12 टक्के आहे. 5 टक्के वाढीसाठी नफ्यापैकी पाच-बारांश, म्हणजे 110 कोटी, पुन्हा गुंतवावे लागतात आणि 154 कोटी उरतात. 6 टक्क्यांसाठी निम्मा नफा गुंतवावा लागतो आणि 132 कोटी उरतात. त्यांना 6 टक्क्यांनी भागले तरी उत्तर 2,200 कोटीच येते. परतावा डिस्काउंट रेटइतकाच असेल, तर वाढीमुळे मूल्य वाढत नाही. तुमच्या शीटमध्ये वाढीचा दर वाढवल्यावर सहाव्या वर्षीचा रोख प्रवाह घटत नसेल, तर पुनर्गुंतवणुकीचा दुवा तुटला आहे असे समजावे.

शेवटी चलन तपासावे. रुपयांतील, महागाईसह मांडलेल्या रोख प्रवाहांना अमेरिकी सरकारी रोख्यावरून काढलेला डॉलरमधील दर लावू नये; दहा वर्षांच्या भारतीय सरकारी रोख्याचा परतावा आधार धरावा आणि कायमची वाढ त्याहून अधिक ठेवू नये.