ओकला बहर आला. पण झाडाने किड्यांना हरवलं का, हे कसं तपासावं

कॅलिफोर्नियातल्या व्हॅली ओकखाली एखाद्या वर्षी एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या फळांचा, सडा पडतो आणि पुढच्या वर्षी शोधूनही चार मिळत नाहीत. लगेच कुणीतरी सांगतं, "खाणाऱ्यांची पोटं भरून बी उरावं म्हणून झाड असं करतं." तसं असेलही. पण झाडाला त्या वर्षी नुसतं खायला-प्यायला बरं मिळालं असेल, तरी पीक वाढतंच.

झाडं निवडून नंबर घाला, दरवर्षी तीच. सप्टेंबरात, फळं गळण्याआधी, दोघांनी दुर्बिणीने झाडाच्या दोन वेगळ्या भागांत 15-15 सेकंद दिसतील तेवढे एकॉर्न मोजायचे आणि बेरीज लिहायची. कॅलिफोर्नियातल्याच हेस्टिंग्ज संशोधन क्षेत्रात 1980 पासून असंच मोजतात. शेजारी पावसाचे आकडे मांडा. पाऊस दुपटीने बदलतो आणि पीक पन्नास पटीने, तर नुसत्या पावसाने हिशेब लागत नाही. (व्हॅली ओकचं पीक एप्रिलच्या उबेशी जास्त जुळतं.)

आता खरी गोम. मी पहिल्यांदा सोंडकिड्याने पोखरलेले एकॉर्न नुसते मोजले. बहराच्या वर्षी ते जास्तच भरले आणि मी "किडे जिंकले" असं लिहून मोकळा झालो. साफ चूक. समजा, गेल्या वर्षी 100 पैकी 60 पोखरले आणि यंदा 1000 पैकी 200. किड्यांनी तिपटीहून जास्त खाल्लं, तरी वाटा 60 टक्क्यांवरून 20 वर आला आणि वाचलेलं बी 40 चं 800 झालं. पाहायचा तो वाटा.

तो काढायला फांदीखाली जाळी बांधा आणि गळ संपेपर्यंत दर आठवड्याला रिकामी करा. एकाच दिवशी गोळा केलेल्या ढिगावर विश्वास ठेवू नका: किडके एकॉर्न आधी गळतात, त्यामुळे सुरुवातीचा ढीग उगाच भीती घालतो. पाण्यात टाकून तरंगणारे ते किडके, हा सल्लाही अर्धाच खरा. वाळलेले चांगलेही तरंगतात. सुरीने कापून बघा. जाळीत न येता खारींनी आणि पाखरांनी फांदीवरूनच नेलेले या हिशेबात नसतात.

एका बहरावरून निकालही देऊ नका. सोंडकिड्याच्या अळ्या मातीत एक-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त दडून राहतात. एकॉर्न कमी आलेल्या वर्षानंतरचा बहर जास्त वाचतो. लागोपाठ दुसरा आला तर आधीच्या बहरावर पोसलेले किडे हजर असतात.

प्राण्यांची नोंद पुढच्या वर्षीही चालू ठेवा. एकॉर्न सुतारपक्षी झाडाच्या खोडात भोकं पाडून साठा करतो. पीक भरपूर असेल तर या पक्ष्यांच्या काही टोळ्या शरदातही घरटं करतात. पीक बुडालं की साठा संपतो आणि टोळी जागा सोडते.