झिरो इन्टू इन्फिनिटी आणि वन रेज्ड टू इन्फिनिटी : खाली कुणाला पाठवायचं?

राजारामपुरीत एका गल्लीतल्या वरच्या मजल्यावर मी बारावी आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना मॅथ्स शिकवतो, आणि दरवर्षी लिमिट्स आले की हेच दोन फॉर्म पोरांना रडवतात. तुम्हाला डेरिव्हेटिव्ह येतो, लॉगचे नियम येतात आणि एल हॉस्पिटल रूल काय म्हणतो ते माहीत आहे, हे धरून चालतो. (उच्चार लोपिताल आहे म्हणे, पण आपल्याकडं सगळे हॉस्पिटलच म्हणतात, मीपण. रूल शोधला योहान बर्नुलीनं, लोपिताल साहेबांनी त्याला पैसे मोजून विकत घेतला आणि 1696 साली छापला.)

पहिली गोष्ट, रूल फक्त झिरो बाय झिरो किंवा इन्फिनिटी बाय इन्फिनिटीला लागतो. गुणाकाराला लागत नाही. पॉवरला तर नाहीच नाही. म्हणजे आपलं काम एवढंच की समोर गुणाकार असेल तर त्याचा भागाकार करायचा आणि पॉवर असेल तर आधी गुणाकार करून मग भागाकार करायचा. भागाकार करणं सोपं आहे, दोघांपैकी एकाला उलटा करून छेदात टाका. हे सगळीकडं लिहिलेलं असतं आणि त्याखाली ठळक अक्षरात "कोणताही एक घ्या" असंही लिहिलेलं असतं. ह्या "कोणताही" शब्दानं माझी एक अख्खी रात्र खाल्लीय.

पहिल्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. गणित एवढंसंच होतं, x शून्याकडं उजवीकडून जातोय आणि

```
lim (x→0+)  x · ln x
```

x शून्याकडं, लॉग मायनस इन्फिनिटीकडं. डाव्या बाजूला लॉगच नाही म्हणून उजवीकडून, तेवढं कळत होतं. "कोणताही एक घ्या" म्हणालेत ना, मग मी x वर ठेवला आणि लॉगला खाली ढकललं:

```
x / (1/ln x)      →   0/0
वरचा डेरिव्हेटिव्ह :  1
खालचा            :  -1 / (x · (ln x)^2)
भागाकार          :  -x · (ln x)^2
```

आता बघा काय झालं. आधी x गुणिले लॉग होतं, आता x गुणिले लॉगचा वर्ग झाला. परत झिरो इन्टू इन्फिनिटीच, वर लॉग आणखी माजला. मला वाटलं अजून एकदा लावू. लावला, लॉगचा घन आला. आणखी एकदा, चौथी पॉवर. मायनस-प्लस आलटून पालटून आणि आकडे वाढत चाललेत, रात्रीचे दोन वाजलेत, रूममेट उठून म्हणतोय लाईट बंद कर बाबा. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि गंमत म्हणजे एकही स्टेप चूक नव्हती! सगळं बरोबर करत करत मी उत्तरापासून लांब चाललो होतो, म्हणून तर चूक सापडेना.

सकाळी एका सिनिअरनं वही बघितली, काही न बोलता माझ्या पेनानं दोन ओळी लिहिल्या आणि नाष्ट्याला निघून गेला:

```
ln x / (1/x)      →   -∞/∞
(1/x) / (-1/x^2)  =   -x   →   0
```

एका झटक्यात लॉग गायब. कारण समजून घ्या, पाठ करू नका. लॉगचा डेरिव्हेटिव्ह 1/x, म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेतला की लॉग मरतो. पण तो एकटा वर असला तरच. त्याला उलटा करून खाली टाकला की डेरिव्हेटिव्ह घेताना चेन रूल लागतो, त्यात लॉग तसाच जिवंत राहतो आणि वर्ग होऊन बाहेर येतो. म्हणून माझा नियम, आणि ह्यावर मी कुणाशी वाद घालत नाही: लॉगला कधी खाली पाठवायचं नाही. खाली त्याला पाठवा जो उलटा केल्यावर पण साधाच दिसतो. x उलटा केला तर 1/x, साधा. e^(-x) उलटा केला तर e^x, त्याहून साधा. लॉग उलटा केला तर भूत.

हे ट्रिगलाही लागतं, फक्त तिथं पात्रं बदलतात. वर्गात नेहमी हे देतो:

```
lim (x→1)  (1-x) · tan(πx/2)
```

इथं बऱ्याच जणांचा हात आपोआप (1-x) कडं जातो, तेच साधं आहे म्हणून तेच खाली टाकतात. टाकून बघा, टॅनचा डेरिव्हेटिव्ह सेक स्क्वेअर आणि खालून (1-x) चा वर्ग वर येतो, परत झिरो इन्टू इन्फिनिटी. ह्यावेळी खाली जायला टॅन पाहिजे, कारण टॅन उलटा केला की कॉट होतो, त्याला स्वतःचं नाव आहे, स्वतःचा डेरिव्हेटिव्ह आहे:

```
(1-x) / cot(πx/2)                →   0/0
(-1) / ( -(π/2)·cosec²(πx/2) )   →   1/(π/2) = 2/π
```

म्हणजे "साधा कोण" असं विचारायचं नाही, "उलटा केल्यावर साधा कोण" असं विचारायचं. आणि चुकीचा निवडलाय हे ओळखायची खूण एकच आहे, एकदा रूल लावल्यावर आलेली गोष्ट आधीपेक्षा जाड दिसतेय का? दिसत असेल तर तिथंच थांबा, खोडा, दुसऱ्याला खाली पाठवा. तिसऱ्यांदा लावून बघू वगैरे करायचं नाही, मी केलंय, फायदा नाही.

आता वन रेज्ड टू इन्फिनिटी. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर एकाची कितीही पॉवर एकच की, मग लिमिट कशाला? अरे बाबा तो एक पक्का एक नाहीये, एकाच्या जवळ जातोय. 1.01 ची शंभरावी पॉवर मोबाईलवर काढा, 2.70 येते. 1.0001 ची शंभरावी काढा, 1.01 येते. एकाकडं जाणारा जोरात जातोय की पॉवर जोरात वाढतेय त्यावर सगळं. ही रस्सीखेच मोजायची म्हणजेच लॉग घ्यायचा:

```
y = f^g     →     ln y = g · ln f
```

g इन्फिनिटीकडं, ln f म्हणजे ln 1 म्हणजे शून्याकडं. काय झालं? झिरो इन्टू इन्फिनिटी! वरच्या सगळ्या पुराणातलाच प्राणी, फक्त टोपी घालून आलेला. आणि खाली कोण जाणार हे इथं विचारायचंच नाही, एका बाजूला लॉग बसलाय, तो खाली जात नाही, मग g उलटा होऊन खाली जाणार. विषय संपला.

एक पूर्ण करून दाखवतो:

```
lim (x→0)  (cos x)^(1/x^2)

ln y = (1/x^2) · ln(cos x) = ln(cos x) / x^2     →   0/0

वरचा डेरिव्हेटिव्ह :  -sin x / cos x = -tan x
खालचा            :  2x

-tan x / (2x)   →   -1/2
```

शेवटच्या ओळीत tan x / x एकाकडं जातो हे माहीत असतंच, नसेल आठवत तर परत रूल लावा. वरचा आणि खालचा डेरिव्हेटिव्ह वेगवेगळा घ्यायचा, क्वोशंट रूल नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण दर बॅचला येते.

आणि आता ती जागा जिथं निम्मे पेपर मरतात. -1/2 आलं, चौकट काढली, पुढचं गणित. माझ्यापण एका परीक्षेत असंच झालंय, सगळं बरोबर आणि शेवटचा मार्क गेला, पेपर तपासणाऱ्यानं लाल पेनानं नुसता एक e लिहून ठेवला होता. -1/2 हे ln y चं लिमिट आहे, y चं नाही. आपल्याला y पाहिजे:

```
ln y → -1/2     म्हणून     y → e^(-1/2) ≈ 0.6065
```

नुसतं डोक्यानं पण कळतं की, कॉस शून्याजवळ पॉझिटिव्ह, पॉझिटिव्हची कुठलीही पॉवर पॉझिटिव्ह, मग लिमिट मायनस अर्धा कसा येईल? मी आता पोरांना सांगतो की लॉग घेतला त्याच क्षणी पानाच्या तळाला आधी "y = e^" असं लिहून जागा मोकळी सोडा. उत्तर आलं की तिथं भरा. दिसायला येडपट वाटतं पण त्यामुळं मार्क जायचे थांबतात.

शॉर्टकट वापरणारे असतील तर त्यांच्यासाठी, लॉगऐवजी f-1 घेता येतं, म्हणजे उत्तर e ची पॉवर g(f-1) चं लिमिट. इथं (cos x - 1)/x^2 होतं, तेही -1/2. मी अडवत नाही, पण तो फक्त खरोखर वन रेज्ड टू इन्फिनिटी असेल तरच चालतो. मागच्या वर्षी एका पोरानं (2+x)^(1/x) ला पण लावला, x उजवीकडून शून्याकडं, आणि कसंबसं इन्फिनिटी उत्तर आणलं. उत्तर जुळलं म्हणून खूश. डावीकडून जायला सांगितलं तर (1+x)/x मायनस इन्फिनिटीला जातंय असल्या गप्पा सुरू झाल्या. पाया दोनाकडं जातोय बाबा, इथं कसला फॉर्म आणि कसला रूल, दोनाची पॉवर इन्फिनिटीकडं गेली की सरळ इन्फिनिटी आणि मायनस इन्फिनिटीकडं गेली की सरळ शून्य. आधी f एकाकडं जातोय का बघा, g इन्फिनिटीकडं जातोय का बघा, मग हात लावा.

उत्तर आल्यावर कॅल्क्युलेटरवर x = 0.1 टाकून बघायची सवय चांगली, दहा सेकंदाचं काम. वरच्या गणितात 0.606 येतं, जुळलं. पण गेल्या आठवड्यात कागलहून येणारी एक पोरगी कॅल्क्युलेटर घेऊन थेट फळ्यापाशी आली, म्हणाली सर तुमचं चुकलंय, मला 0.9998 येतंय, म्हणजे एकच की, मी म्हणत होते तेच. मी पण दोन मिनिटं गार पडलो, फळा परत वरपासून वाचला. मग कॅल्क्युलेटर हातात घेतला, स्क्रीनच्या वर बारीक D दिसत होता. डिग्री मोड. x रेडियनमध्ये असतो तेव्हाच साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस होतो, डिग्रीत नाही. मोड बदलून दिला, 0.606 आलं, मग गप जागेवर जाऊन बसली.