न्यूक्लिओफिलिक ॲडिशनची मेकॅनिझम कशी लिहावी, आणि अल्डिहाइड कीटोनच्या पुढे का

सांगलीत विश्रामबागेत बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतोय. दर वर्षी प्रिलिमचे पेपर तपासताना एकच वाक्य गठ्ठाभर वाचावं लागतं: ‘स्टेरिक आणि इलेक्ट्रॉनिक इफेक्टमुळे अल्डिहाइड जास्त रिॲक्टिव्ह असतात.’ आणि टिंब. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकात पडतं. तिथं त्याला ‘अटॅक’ हा शब्द पाठ होतो, पण कोण कुणाकडे आणि कुठल्या बाजूनं जातं, हे विचारलं की ते फळ्याकडे बघत बसतं. म्हणून इथे एकच उदाहरण घेतो, ॲसिटाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड, आणि ते शेवटपर्यंत नेतो.

आधी एक सांगून ठेवतो. हे सगळं वहीतच करायचं. HCN साधारण 26 अंशाला उकळतो आणि जीवघेणा आहे. प्रॅक्टिकलला काय करायचं ते शेवटी येईलच.

CH3CHO काढा. C=O सरळ, मोठा काढा, ऑक्सिजनवर दोन लोन पेअर दाखवा, कार्बनवर δ+ आणि ऑक्सिजनवर δ− लिहा. हा कार्बन sp2 आहे, म्हणजे त्याचे तिन्ही बंध एका पातळीत, एकमेकांपासून साधारण 120 अंशांवर. एवढं सगळ्यांना जमतं.

आता पोरं जिथं आपटतात ती जागा. मीही तिथंच आपटलो होतो. एस.वाय.ला असताना मी पहिल्या ओळीत H+ ऑक्सिजनला जोडला आणि दुसऱ्या ओळीत CN− कार्बनवर आणला. सरांनी वही परत दिली आणि एवढंच विचारलं, “अरे, एकाच भांड्यात मोकळा H+ आणि मोकळा CN− शेजारी शेजारी बसले कसे? ते एकमेकांना धरून परत HCN नाही का होणार?” त्या दिवसापासून बाण काढण्याआधी मी समासात एक शब्द लिहितो, ‘ॲसिड’ किंवा ‘बेस’. तुम्हीही लिहा. भांडं कसलं आहे हे ठरल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही.

HCN च्या बाबतीत भांडं बेसचं. HCN हे फार दुबळं आम्ल आहे, त्याचा pKa 9 च्या जरा वर. नुसत्या HCN मधून मोकळा CN− मिळतो नावापुरता, म्हणून क्रिया रेंगाळते. थोडा बेस टाकला की CN− वाढतो आणि क्रिया पळायला लागते. उलट आम्ल टाकलं तर ती जवळजवळ बसूनच राहते. आर्थर लॅपवर्थनं 1903 साली हेच दाखवलं. त्यानं कॅम्फरक्विनोन घेतला, तो पिवळा असतो आणि HCN जोडला गेला की रंग जातो. रंग किती वेळात जातो एवढंच बघून त्यानं ठरवलं की कार्बनकडे आधी सायनाइड आयन जातो, हायड्रोजन मागून येतो. कुणी म्हणालं की ‘आधी H+ घ्या, काही फरक पडत नाही’, तर त्याला हा पिवळा रंग दाखवा. पाणी किंवा अल्कोहोल असे मवाळ न्यूक्लिओफाइल आम्लाच्या भांड्यात असतात, तेव्हा आधी ऑक्सिजनवर H+ बसतो हे खरं. पण ते भांडंच वेगळं.

बाणांकडे येऊ. एका टप्प्यात दोन बाण असतात आणि दोन्ही एकाच वेळी काढायचे:

```
NC:⁻  +  CH3–CH=O      →  CH3–CH(CN)–O⁻         (हळू)
CH3–CH(CN)–O⁻ + H–CN   →  CH3–CH(CN)–OH + CN⁻   (जलद)
```

पहिला बाण CN− च्या कार्बनवरच्या इलेक्ट्रॉन जोडीपासून निघतो आणि कार्बोनिलच्या कार्बनवर टेकतो. दुसरा बाण C=O च्या पाय बंधापासून निघतो आणि ऑक्सिजनवर जातो. बाण इलेक्ट्रॉनपासूनच निघतो, अणूपासून नाही आणि धन प्रभारापासून तर कधीच नाही. H+ पासून ऑक्सिजनकडे काढलेला बाण मला दर वर्षी दिसतो. तिथं मी अर्धा मार्कसुद्धा देत नाही, कारण H+ कडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत. दुसरा बाण विसरला तर कार्बनला पाच बंध होतात. बंध बोटांवर मोजा, पाच झाले की चूक तुमचीच. मग प्रभार मोजा: डावीकडे एक ऋण, उजवीकडेही एक ऋण. जुळलं की पुढे.

CN− कुठल्या बाजूनं येतो, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. पण ‘अल्डिहाइड पुढे का’ याचं अर्धं उत्तर इथंच आहे. न्यूक्लिओफाइल कार्बनच्या डोक्यावर काटकोनात उतरत नाही. तो ऑक्सिजनपासून थोडा मागे कलून, C=O शी साधारण 107 अंशांचा कोन करून येतो. ब्युर्गी आणि ड्युनिट्झ यांनी 1970 च्या दशकात स्फटिकांमधल्या रेणूंवरून हा कोन काढला, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. ऑक्सिजनकडची बाजू टाळून येणारा पाहुणा साहजिकच कार्बनच्या दुसऱ्या दोन गटांच्या अंगावर येतो. त्या जागी नुसता H असेल तर वाट मोकळी. CH3 असेल तर घासाघीस.

घरी करून बघा. लिंबाएवढा कणकेचा गोळा घ्या, त्यात तीन काड्या टेबलाला समांतर खोचा. एका काडीच्या टोकाला हरभरा लावा, तो H; दुसरीला बोर, ते CH3; तिसरी ऑक्सिजनची. आता वरून, जरा मागच्या बाजूनं, चौथी काडी खोचत न्या आणि बाकीच्या तीन खाली वाकवत जा, वाऱ्यानं छत्री उलटावी तशा. 120 अंशांवर पसरलेले गट साधारण 109 अंशांवर येतात, म्हणजे एकमेकांजवळ सरकतात. हरभऱ्याला काही अडचण नाही. आता हरभऱ्याच्या जागीही बोर लावा, म्हणजे ॲसिटोन झाला, आणि परत वाकवा. दोन बोरं जवळ आणताना जागेची टंचाई हाताला कळते. गर्दीचा त्रास मुख्यतः वाकतानाचा असतो. ‘मिथिल गट कार्बनला झाकतात’ एवढंच लिहून थांबणारं पोर म्हणूनच अर्धवट सांगतं.

दुसरा टप्पा सोपा. ऑक्सिजनचा ऋण प्रभार दुसऱ्या HCN कडून H घेतो आणि CN− परत मोकळा होतो, म्हणून बेस थोडासाच पुरतो. जास्त ओतला तर ऑक्सिजनला H द्यायला HCN उरत नाही आणि क्रिया उलटी फिरते. CN− पातळीच्या दोन्ही बाजूंनी सारखाच येऊ शकतो, त्यामुळे मिळणारा लॅक्टोनायट्राइल रेसिमिक असतो. हे एक वाक्य लिहायला विसरू नका.

आता अर्धं राहिलेलं उत्तर, इलेक्ट्रॉनचं. इथंही एक वाईट सल्ला फिरतो: ‘C=O जेवढा ध्रुवीय तेवढा रिॲक्टिव्ह.’ आकडे बघा. डायपोल मोमेंट फॉर्माल्डिहाइडचा 2.3 डिबाय, ॲसिटाल्डिहाइडचा 2.7, ॲसिटोनचा 2.9. या सल्ल्यानं ॲसिटोन सगळ्यांत पुढे जायला हवा, आणि तो तर मागे असतो. खरी गोष्ट अशी की मिथिल गट इलेक्ट्रॉन पुरवून कार्बनवरचा धन प्रभार सुसह्य करतो. त्यामुळे रेणूत ध्रुवीयता दिसते जास्त, पण कार्बनची भूक कमी झालेली असते. अल्डिहाइडला असा आधार एकाच गटाचा, कीटोनला दोन गटांचा. फॉर्माल्डिहाइडला एकाचाही नाही.

हे किती फरकाचं आहे ते साध्या पाण्यात दिसतं, कारण पाणीसुद्धा C=O वर असंच जोडलं जातं. खोलीच्या तापमानाला पाण्यात फॉर्माल्डिहाइड जवळजवळ सगळा हायड्रेट होऊन बसतो, ॲसिटाल्डिहाइड निम्म्याच्या आसपास, आणि ॲसिटोन हजारात एक-दोन रेणू. हे आकडे समतोलाचे आहेत, वेगाचे नाहीत. पण इथं दोन्हींचा क्रम एकच येतो, कारण दोन्हीकडे चपट्या कार्बनला चार हातांचा करायचं असतं.

‘दोन कारणांपैकी मोठं कोणतं?’ असं हुशार पोर विचारतंच. त्याच्यापुढे मी क्लोरल ठेवतो, CCl3CHO. CCl3 हा मिथिलपेक्षा कितीतरी आडदांड, म्हणजे गर्दीच्या हिशोबानं क्लोरल ॲसिटाल्डिहाइडच्या मागे पडायला हवा. प्रत्यक्षात तो पाण्यात जवळजवळ पूर्ण हायड्रेट होतो, आणि ते हायड्रेट पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात बाटलीत भरून ठेवता येतं. तीन क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि कार्बन उपाशी राहतो. इलेक्ट्रॉनच्या कारणाला कमी लेखू नका, एवढं या एका रेणूवरून नक्की सांगता येतं.

बेन्झाल्डिहाइड याच्या उलट. आहे अल्डिहाइड, पण बेन्झीनची कडी रेझोनन्सनं कार्बनला इलेक्ट्रॉन देते, म्हणून प्रोपॅनालपेक्षा तो आळशी. प्रश्न दर दोन-चार वर्षांनी येतो. उत्तरात ‘रेझोनन्स’ शब्दाबरोबर कडीकडून C=O कडे जाणारे बाण काढा, नुसता शब्द नको.

प्रॅक्टिकलला सायनाइडऐवजी सोडियम बायसल्फाइट वापरतात. सल्फाइट कार्बनवर तसंच येतं, फक्त गंधकाकडून. आपल्या तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथंही सल्फाइट साखरेच्या C=O ला धरतं आणि माल काळा पडायचं लांबतं. टेस्ट ट्यूबमध्ये संपृक्त बायसल्फाइट घ्या, त्यात बेन्झाल्डिहाइडचे थेंब टाका, बूच लावून जोरात हलवा. पांढरा स्फटिकी थर येतो. ॲसिटोनलाही येतो, पण नळी बर्फात ठेवून वाट बघावी लागते. ॲसिटोफेनोनची वाट बघू नका, तिथं मिथिल आणि फिनाइल दोघं मिळून सल्फाइटला उभं करत नाहीत.

थर आलाच नाही तर आधी बायसल्फाइटवर संशय घ्या. उघड्या बाटलीत ते हवेनं सल्फेट होतं, म्हणून द्रावण त्याच दिवशी करायचं. आणि थर फारच लवकर, न हलवता दिसला तर बेन्झाल्डिहाइडच्या बाटलीचं तोंड बघा. तिथं पांढरी खरपुडी जमली असेल तर ते बेन्झोइक ॲसिड आहे, हवेनंच झालेलं. एका वर्षी माझ्या अख्ख्या बॅचनं तीच खरपुडी नळीत पाडून ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं, आणि मीही दोन वह्यांवर सही करून बसलो होतो.