‘ट’पुढे टरबूज आणि लेक म्हणते कलिंगड : मुळाक्षरांच्या चित्रतक्त्यातल्या या चुका टाळा

लेक साडेचार वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी मी घरीच एक तक्ता केला. पहिल्या रकान्यात अक्षर, दुसऱ्यात शब्द, तिसऱ्यात चित्र. कोल्हापुरात महाद्वार रोडला असे तक्ते ढिगानं मिळतात, पण त्यांतली चित्रं नखाएवढी असतात. दोन रात्री जागून केलेला तक्ता भिंतीवर लावला. ‘ट’वर बोट ठेवून विचारलं, तर तिनं आधी चित्र बघितलं आणि ठामपणे सांगितलं, “क! कलिंगडाचा क.”

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या घरात, शेजारी, मंडईत कुणीही त्या फळाला टरबूज म्हणत नाही. तक्त्यासाठी शब्द मी लहानपणीच्या उजळणीच्या पुस्तकातून उचलले होते, आणि ते पुस्तक तिच्या घरात वाढलेलं नव्हतं.

चित्र काय सांगतं, हे मूल ठरवतं

या तक्त्यात चित्राचं काम एकच असतं, ते म्हणजे मुलाच्या तोंडून ठरावीक आवाज काढून घेणं. चित्र बघून त्याच्या तोंडी दुसराच शब्द आला, तर ती ओळ नुसती निरुपयोगी होत नाही, ती चुकीचं शिकवते. म्हणून अक्षरं लिहायच्या आधी चित्रांची परीक्षा घ्या. नुसती चित्रं कापून एकेक समोर धरा, “हे काय?” एवढंच विचारा आणि तोंडातून निघालेला पहिला शब्द चित्राच्या पाठीमागे लिहा. सुचवायचं नाही, ‘अजून काय म्हणतात?’ असंही विचारायचं नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. दोन्ही वेळा तुम्हाला हवा तोच शब्द आला, तरच ते चित्र तक्त्यात घ्या.

आमच्याकडे या परीक्षेत बरीच चित्रं नापास झाली. ‘ए’चा एडका बघून “मेंढी” आलं, ‘य’चा यज्ञ बघून “शेकोटी”. ‘थ’चा थवा म्हणजे “पक्षी”. ‘ऐ’ची ऐरण तिनं जन्मात पाहिलेली नाही, ‘ई’चं ईडलिंबू मीसुद्धा नाही. ‘क्ष’साठी ढाल-तलवारवाला क्षत्रिय काढला होता, त्याला तिनं सरळ हात जोडले, “महाराज!” कोल्हापुरात दुसरं काय होणार?

सगळ्यात मोठा घोळ मात्र धनुष्यबाणाचा. ‘ध’पुढे धनुष्य आणि ‘ण’पुढे बाण असे शब्द मी घेतले होते आणि दोन्हीकडे चित्र जवळपास एकच होतं. तिच्या लेखी दोन्ही “बाण”. म्हणजे ध, ण आणि तिसरा ब अशी तीन अक्षरं एकाच चित्राला लटकली. एक चित्र एकाच ओळीत आलं पाहिजे, हे मला तिथं कळलं. ‘ध’ला मग धबधबा दिला. पावसाळ्यात राऊतवाडीला जाऊन आल्यामुळे तो तिला ओळखू आला.

बोलीचाही हिशोब ठेवावा लागतो. माझी आई शाळेला ‘साळा’ म्हणते. आजीच्या मांडीवर बसून लेकीनं शाळेचं चित्र ‘स’च्या ओळीत ठेवलं. आजीला दुरुस्त करत बसण्यापेक्षा मी ‘श’चा शब्द बदलून ‘शर्ट’ केला. तो आजीही ‘श’नंच म्हणते.

च, ज, झ : एका चित्रात मावत नाहीत

ही चूक विकतच्या तक्त्यांतही हमखास सापडते. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ हे दोन शब्द हळू म्हणून बघा. ‘चाक’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, ‘चिमणी’ म्हणताना जीभ वर टाळूला लागते. अक्षर एक, आवाज दोन. व्याकरणात पहिल्याला दंततालव्य आणि दुसऱ्याला तालव्य म्हणतात. ‘ज’चंही तसंच, जाळं आणि जिलेबी. ‘झ’चंही, झाड आणि झेंडा.

तक्त्यात फक्त ‘चाक’ असेल तर मूल ‘च’ म्हणजे तेवढाच आवाज असं धरून चालतं. नंतर ‘चहा’ वाचायची वेळ येते तेव्हा ते ‘चाका’तला च लावून काहीतरी विचित्र उच्चारतं आणि गोंधळून तुमच्याकडे बघतं. अशा वेळी मूल अक्षर विसरलंय असं समजून आपण पुन्हा ‘च, च, च’ घोकून घेतो. विसरलेलं काहीच नसतं, त्याला दुसरा आवाज कुणी दिलेलाच नसतो.

उपाय असा, की या तीन अक्षरांच्या ओळीत दोन-दोन चित्रं काढायची. अक्षर एकदाच मोठं लिहायचं, नाहीतर मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. आवाजातला फरक दाखवायला अक्षराखाली टिंबही देऊ नका, कारण रोजच्या मराठी लेखनात ते येत नाही. मुलाला नियम सांगायची गरज नाही, तुम्हाला मात्र एक माहीत असावा. घरगुती मराठी शब्दांत इ, ई, ए हे स्वर पुढे आले की आवाज टाळूचाच होतो. ‘माझा’ म्हणा आणि लगेच ‘माझी’ म्हणा, झ तोंडातल्या तोंडात जागा बदलतो. बाकी स्वरांपुढे असा नियम चालत नाही. ‘चार’ हा अंक टाळूचा, तर गुरांचा ‘चारा’ दातांचा. तिथं कानावरच भरवसा ठेवायचा.

‘ज’च्या जाळ्यात कोळी काढू नका. आम्ही काढला होता, उत्तर “कोळी” असंच आलं.

बाळाचा ळ नव्हे, बाळातला

ण आणि ळ या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे नमुन्याच्या शब्दात ती मध्ये किंवा शेवटी येणार. इथं आपली जीभ घात करते. ‘क कमळाचा’, ‘ग गवताचा’ या चालीवर आपण ‘ळ बाळाचा’ म्हणून जातो. मुलानं आतापर्यंत शिकलेला नियम असा, की चित्राच्या नावाचा पहिला आवाज म्हणजे अक्षर. मग ‘बाळ’ बघून ते ‘ब’ म्हणतं. मूल ब आणि ळ यांत गोंधळायला लागलं, तर आधी तुमचं वाक्य तपासा. या दोन ओळींत ‘बाळातला ळ’ असं म्हणायचं, ‘ळ’ लाल करायचा आणि बाकी शब्द काळा ठेवायचा.

दुसरी अडचण जरा बारीक आहे. अक्षर सुटं म्हणताना आपण ‘ण’मध्ये पूर्ण अ म्हणतो, पण ‘बाण’ म्हणताना शेवटचा अ गळतो. मुलाला सुटा ण आणि बाणातला ण वेगळे ऐकू येतात. म्हणून ‘ण’ला मी ‘फणस’ दिला. त्यात ण मध्ये आहे, त्याचा अ पूर्ण ऐकू येतो आणि कुठल्याही अक्षराला मात्रा नाही. ‘फ’कडचा फणस काढून तिथं फळा आणला. ‘ळ’साठी ‘कळस’ हवा होता, तोही तसाच स्वच्छ शब्द, पण कळसाचं चित्र बघून लेक “देऊळ” म्हणाली. शेवटी ‘गूळ’ घेतला. शेवटचा अ गळतो हे खरं, पण गुळाची ढेप आमच्याकडची पोरं झोपेतही ओळखतात.

ङ आणि ञ यांना चित्र शोधूच नका. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं आहेत, त्यांना नंतरचा कागद द्या. ॲ आणि ऑ मात्र घ्या. राज्य सरकारच्या 2009 च्या वर्णमालेत ते आहेत, आणि मुलाच्या तोंडी ॲम्ब्युलन्स रोज असते.

‘ऊ उसाचा’ म्हणालात की फसलात

‘ऊ’ला ऊस हा कोल्हापुरात सगळ्यात सोपा शब्द. दीर्घ आवाज, ओळखीचं चित्र. पण तक्त्यावर ‘ऊ ऊसाचा’ लिहिलं तर शुद्धलेखन चुकतं, आणि ‘ऊ उसाचा’ लिहिलं तर दाखवायचा होता तो दीर्घ ऊच ऱ्हस्व होतो. प्रत्यय लागला की मराठीत असंच होतं. तेव्हा या ओळीत ‘चा’ लावायचाच नाही, नुसतं ‘ऊ, ऊस’ म्हणायचं.

छापताना

ए-फोर कागदावर चार सेंटिमीटर उंचीच्या सहा ओळी आरामात बसतात, अक्षर 72 पॉइंटचं ठेवा. फॉन्ट असा निवडा की ‘ख’ हा ‘रव’ वाचला जाणार नाही. घ-ध आणि भ-म शेजारी येऊ देऊ नका. रंग देताना पूर्ण अक्षराला द्या, ‘चि’मधल्या नुसत्या च ला नाही. व्यंजन एका रंगात आणि वेलांटी दुसऱ्या रंगात केली की काही ठिकाणी ती सुटून ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसते. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेली आणि त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर मांडणी विस्कटते. घरूनच पीडीएफ करून न्या.

दुरुस्त केलेल्या काही ओळी अशा :

| अक्षर | शब्द | चित्र |
|---|---|---|
| ऊ | ऊस | पानांसकट एकच कांडं, मोळी नको |
| च | चाक, चिमणी | बैलगाडीचं चाक (मोटारीचं काढलं तर “टायर” येतं); चिमणी |
| ट | टोपी | पांढरी गांधी टोपी |
| ण | फणस | अख्खा फणस, गरे नकोत |
| ध | धबधबा | डोंगरावरून पडणारं पाणी |
| ळ | गूळ | ढेप, शेजारी फोडलेला खडा |

‘टोपी’त ‘ट’ला काना-मात्रा आहे, तेवढं मी चालवून घेतलं. ‘टि’ किंवा ‘टु’पेक्षा त्यात ‘ट’चा आकार शाबूत राहतो.

चित्राचा रकाना शेवटी ठेवण्याला कारण आहे. आठवड्याभरानं लेक दोन कागद घडाघडा म्हणायला लागली, आणि मला जरा संशय आला. चित्राचा रकाना मागे दुमडला, तरी सगळं बरोबर. मग ओळी कापून पत्त्यांसारख्या पिसल्या आणि चित्रं अंगठ्यानं झाकून विचारलं. बारा ओळींपैकी पाच आल्या. बाकीचं तिनं क्रमानं पाठ केलं होतं. आता रोज जेवणानंतर आम्ही त्या पिसलेल्या पट्ट्यांतल्या सहाच घेतो. ज्या दोन दिवस लागोपाठ चित्राशिवाय आल्या, त्यांची चित्रं ती स्वतः कात्रीनं कापून टाकते. परवा तिनं ‘ट’ची टोपी कापली.